पाच महिने एकही ओळ नाही

३१ मार्चला गोल सळ्यांची मोजणी झाली आणि ४० मिलिमीटरच्या ईएन-८ सळ्या पुस्तकापेक्षा १,९४० किलोंनी कमी भरल्या. आमचा कारखाना भोसरीतला, शाफ्ट बनवणारा, मध्यम आकाराचा. लेखा विभागात पुरवठादारांच्या बिलांचं काम माझ्याकडे आहे. साठा कमी भरला की पहिला संशय वर्कशॉपवर जातो. कापताना जास्त गेलं असेल, भंगारात चांगला माल गेला असेल, जॉबवर्कला पाठवलेला परत आला नसेल. त्या तिन्ही गोष्टी दोन दिवसांत तपासून झाल्या. भंगाराचं वजन जुळलं, जॉबवर्कची चलनं जुळली. मग प्रश्न उरला तो आमच्या दारातला: माल मुळात आत आला होता का?

याचं उत्तर द्यायला आमच्याकडे एक यंत्रणा होती. दीड वर्षापासून रोज रात्री सॉफ्टवेअर तीन कागद एकमेकांशी लावून बघतं. पहिला खरेदी आदेश, म्हणजे आमचा पीओ. दुसरा माल मिळाल्याची स्टोअरची नोंद, म्हणजे जीआरएन. तिसरं पुरवठादाराचं बिल. दर पीओ आणि बिल यांच्यात तपासला जातो, वजन किंवा नग जीआरएन आणि बिल यांच्यात. शिवाय आजवर आलेला एकूण माल पीओच्या बाहेर गेला नाही ना, हेही पाहिलं जातं. जे जुळतं ते बिल हात न लावता पैसे देण्याच्या यादीत जातं. जे जुळत नाही त्याची एक ओळ सकाळी सात वाजता तफावत अहवालात छापून येते. वजनात २ टक्क्यांपर्यंतचा फरक सॉफ्टवेअर सोडून देतं.

मी त्या सळ्यांच्या पुरवठादाराचं नाव टाकून मागचे सगळे अहवाल चाळले. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत त्याच्या अकरा खेपा आल्या होत्या. अकरा बिलं, अकरा जीआरएन. तफावत अहवालात त्याची एकही ओळ नव्हती.

एवढ्यावर मी थांबले असते. अहवाल स्वच्छ आहे, म्हणजे माल आला आहे, असंच कुणीही म्हणेल. पण त्या अकरा जोड्या एकाखाली एक मांडल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपली. बिलावर ९,८६० किलो, जीआरएनवर ९,८६० किलो. बिलावर ६,४२० किलो, जीआरएनवर ६,४२०. अकराच्या अकरा वेळा वजन किलोला किलो तेच. ज्याने कधी लोखंडाच्या गाडीमागे काट्यावर उभं राहून पाहिलं आहे त्याला हे पटणार नाही. पुरवठादाराचा काटा वेगळा, आमचा वेगळा. आमचा काटा १० किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो. वाटेत डिझेल जळतं, ताडपत्री भिजते, एका काट्यावर क्लीनर गाडीत बसलेला असतो आणि दुसऱ्यावर तो चहाला उतरलेला असतो. दोन काट्यांत २०–३० किलोंचा फरक पडणं रोजचं आहे. अकरा वेळा शून्य फरक याचा अर्थ एकच निघतो: दोन वजनं झालीच नाहीत. एकच वजन दोन ठिकाणी लिहिलं गेलं.

म्हणजे आमच्या तीन कागदांतले दोनच खरे होते. जीआरएन बिलाची नक्कल होती. बिल स्वतःशीच ताडून पाहिलं तर ते जुळणारच.

स्टोअरमधली गोष्ट

मी स्टोअरमध्ये गेले. तिथले काका तिथे तेवीस वर्षं आहेत आणि त्यांच्या हाताखालून एक बोल्ट गेला तरी त्यांना तो आठवतो. मी अकरा जीआरएनचा कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि काहीही न लपवता सांगितलं, "ताई, बिलाचंच वजन टाकतो आम्ही. दिवाळीच्या आधीपासून. तुमच्याच खात्यातून फोन यायचे ना रोज, की काका, तुमचं वजन जुळत नाही, ओळ उघडी राहतेय."

जीआरएनच्या पडद्यावर वजनाच्या दोन चौकटी आहेत. एक "चलनावरचं वजन" आणि दुसरी "मिळालेलं वजन". पहिली भरली की दुसरीत तोच आकडा आपोआप येतो. खरं वजन वेगळं असेल तर तो खोडून नवा टाकायचा. काकांनी खोडणं बंद केलं होतं, एवढंच. गैरहेतू नव्हता, आळसही नव्हता. ऑगस्टमध्ये वरून निरोप आला होता की उघड्या तफावती रोज दहाच्या आत दिसल्या पाहिजेत. त्या आधी रोज साठ-सत्तर ओळी असायच्या. तो आकडा खाली आणायला आम्ही लेखा विभागातून स्टोअरवर, खरेदीवर, सगळ्यांवर रेटा लावला. दोन महिन्यांत ओळी सात-आठवर आल्या आणि बैठकीत आमचं कौतुकही झालं. ओळी कमी कशा झाल्या, हे आम्ही कुणी विचारलं नाही. ते मी विचारायला हवं होतं, कारण त्या फोनांतले बरेच माझेच होते.

नंतर मी ऑगस्टच्या आधीचा एका सोमवारचा अहवाल काढून हाताने वाटणी केली. ६४ ओळी होत्या. त्यांतल्या ३८ ओळींत चूक काहीच नव्हती. बिल ईमेलने त्याच दिवशी आलेलं आणि माल अजून रस्त्यात होता. जीआरएन नाही म्हणून सॉफ्टवेअरने "जुळत नाही" असं छापलं होतं. ११ ओळी एककाच्या होत्या. खोक्यांचा पीओ नगात आणि बिल २५ नगांच्या बंडलात, म्हणून १,००० नगांसमोर ४० दिसत होते. ९ ओळी भाड्याच्या होत्या. दर पोहोच ठरलेला आणि पुरवठादाराने भाडं वेगळं लावलेलं, किंवा भाडं वेगळंच ठरलेलं पण पीओत त्याची ओळ घालायची राहिलेली. उरल्या सहा. कुणी तरी फोन उचलून काही विचारावं अशा त्या सहाच.

सहा खऱ्या ओळी अठ्ठावन्न निरुपद्रवी ओळींत मिसळून रोज समोर आल्या की वाचणारा माणूस वाचणं सोडतो आणि ओळ बंद करायला शिकतो. आमच्याकडे नेमकं तेच झालं. ३८ ओळी बंद करण्यासाठी कुणी तरी मालाच्या आधीच जीआरएन करायला लागलं, आणि वजनाच्या ओळी बंद करण्यासाठी काका बिलाचं वजन घ्यायला लागले.

गेटवरची फाइल

खरं वजन कुठे तरी असणारच होतं, कारण लोखंडाची प्रत्येक गाडी आत येताना आणि रिकामी बाहेर जाताना काट्यावरून जाते. गेटवरच्या मामांकडे काटा पावत्यांची फाइल असते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल, हे तिन्ही आकडे त्या चिठ्ठीवर छापून येतात. मामांनी अकराही पावत्या तारखेवार लावून ठेवल्या होत्या. त्या कुणीच कधी मागितल्या नव्हत्या.

बिलाच्या वजनातून आमच्या काट्याचं वजन वजा केलं तेव्हा अकरा खेपांचे फरक असे आले: १७०, १६०, १८०, १७०, १७०, १६०, १८०, १७०, १७०, १८०, १६०. बेरीज १,८७० किलो. साठ्यातल्या १,९४० किलोंच्या तुटीपैकी एवढ्याचा हिशोब तिथेच लागला. उरलेले ७० किलो पाच महिन्यांच्या कापकामात सहज जिरतात.

हे आकडे थोडा वेळ नीट पाहावेत असे आहेत. खेपा लहान-मोठ्या होत्या. सगळ्यांत लहान ६,४२० किलोंची, सगळ्यांत मोठी ९,८६० किलोंची. पण फरक दोन्हींत जवळजवळ सारखाच. पुरवठादाराचा काटा जास्त दाखवत असता तर फरक मालाच्या प्रमाणात वाढला असता. मोठ्या खेपेला लहान खेपेच्या दीडपट आला असता. गाडीतून वाटेत सळ्या उतरवल्या जात असत्या तर फरक कधी ५० तर कधी ४०० असा आला असता, आणि काही खेपांना आलाच नसता. दर खेपेला ठरावीक किलोंचा फरक येतो तेव्हा बोट रिकाम्या गाडीच्या वजनाकडे जातं. ते वजन मालाबरोबर बदलत नाही, दर फेरीला सारखंच वजा होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बारावी खेप आली. या वेळी मी, काका आणि पुरवठादाराचा माणूस असे तिघे काट्यावर उभे राहिलो. बिलावर ८,९४० किलो होतं. आधी भरलेली गाडी चढवली: १४,१०० किलो. पुरवठादाराच्या पावतीवरही भरलेल्या गाडीचं वजन १४,१०० किलोच होतं. दोन्ही काटे बरोबर होते. मग सळ्या उतरवल्या आणि रिकामी गाडी पुन्हा चढवली. आमच्या काट्यावर ५,३३० किलो. पुरवठादाराच्या पावतीवर ५,१६०. फरक १७०.

काकांनी तेवढ्यात सळ्या मोजल्या होत्या, १४८ भरल्या. त्यांची रीत अशी: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२ केला की गोल सळईचं मीटरला किती किलो ते मिळतं. ४० चा वर्ग १,६००, त्याला १६२ ने भागलं की ९.८८ किलो. सहा मीटरची एक सळई म्हणजे साधारण ५९.२६ किलो आणि १४८ सळ्या म्हणजे ८,७७० किलो. काट्यावरही ८,७७०. बिलातल्या ८,९४० किलोंसाठी जवळजवळ १५१ सळ्या लागल्या असत्या. रोलिंगमध्ये व्यास थोडा इकडेतिकडे होतो, लांबीही इंच-दोन इंच बदलते, म्हणून या हिशोबावर कुणी बिल ठरवत नाही. पण तीन सळ्यांचा घोळ पकडायला तो पुरतो, आणि त्याला काटाही लागत नाही.

ड्रायव्हरने खुलासा केला. दिवाळीच्या आधी गाडीचा हौदा नव्याने बांधला होता, तळाला जाड लोखंडी पत्रा घातला होता. पुरवठादाराच्या काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन दर वेळी घेत नव्हते. गाडी नंबर टाकला की संगणकात साठवलेलं जुनं वजन उचललं जात होतं. हौद्याचा नवा पत्रा दर फेरीला सळ्यांच्या भावाने आमच्या माथी पडत होता. पुरवठादाराच्या माणसाने पावत्या पाहिल्या आणि तिथल्या तिथे मान्य केलं. त्याच्या मालकालाही याची कल्पना नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला पटलं.

पैसे परत येताना

दर किलोला ७२ रुपये, मार्चअखेरपर्यंत ठरावाने पक्का. १,८७० किलोंचे १,३४,६४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २४,२३५ रुपये. मिळून १,५८,८७५ रुपयांची क्रेडिट नोट पुरवठादाराने दिली. न मिळालेल्या मालावर इनपुट क्रेडिट घेता येत नाही, म्हणून तो २४,२३५ रुपयांचा कर आम्ही आमच्या क्रेडिटमधून उलटवला. बिलं मागच्या आर्थिक वर्षातली होती, पण त्या वर्षाची क्रेडिट नोट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या विवरणात दाखवता येते, त्यामुळे दोघांचीही अडचण झाली नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण लेखा विभागातल्या बऱ्याच जणांना ती अडचणीत आल्यावर कळते. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर मालाबद्दलची हरकत माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवावी लागते. नाही कळवली तर माल स्वीकारला असं कायदा धरून चालतो आणि पैसे देण्याची मुदत पोहोचल्याच्या दिवसापासून मोजली जाते. करारात काहीही लिहिलं असलं तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या अशा उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात तो खर्च धरता येत नाही. तफावत अहवालात ओळ उघडी आहे एवढ्याने कायद्याचं घड्याळ थांबत नाही. फोनवर बोलणं झालं, खरेदीतल्या साहेबांनी "बघतो" म्हटलं, हेही पुरत नाही. लेखी हरकत गेली तरच ते थांबतं, आणि पुरवठादाराने हरकत दूर केली त्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागतं.

अकरा खेपांपैकी शेवटचीसुद्धा त्या १५ दिवसांच्या बाहेर गेली होती. पुरवठादार भला म्हणून क्रेडिट नोट मिळाली. बाराव्या खेपेला मात्र मी त्याच संध्याकाळी काट्याच्या दोन्ही पावत्या जोडून ईमेल पाठवला, आणि चार दिवसांत दुरुस्त बिल आलं.

अहवालात काय बदललं

पहिला बदल वजनाच्या उगमाचा. किलोवर विकत घेतलेल्या मालाची जीआरएन आता काटा पावतीच्या क्रमांकाशिवाय उघडतच नाही. वजन मामा गेटवरच्या आवक नोंदीत टाकतात, ते जीआरएनमध्ये येतं आणि स्टोअरला बदलता येत नाही. "मिळालेलं वजन" आपोआप भरणारी सोय बंद केली. नगावरच्या मालात स्टोअरच्या पडद्यावर पीओतली संख्या दिसत नाही. रिकामी चौकट येते आणि मोजून भरावी लागते. चलन हातात असतं, त्यामुळे ठरवलं तर कुणी त्यातूनही उतरवेल. पण आता त्यासाठी मुद्दाम तसं करावं लागतं. आधी काहीच न करता ते होत होतं.

दुसरा बदल सहनसीमेचा, आणि यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. काकांनी आमच्या काट्याचं खरं वजन टाकलं असतं, तरीही नऊ खेपा अहवालात आल्या नसत्या, कारण नऊ टनांच्या गाडीला २ टक्के म्हणजे १८० किलो. ६,४२० किलोंच्या खेपेला १७० किलो म्हणजे २.६ टक्के होतात, म्हणून ती आणि तशीच आणखी एक लहान खेप, अशा दोनच ओळी निघाल्या असत्या. मोठ्या वजनाला टक्क्यांची सूट फार मोठी होते. आता गाडीमागे ४० किलोंपेक्षा जास्त फरक चालत नाही, मग गाडी कितीही मोठी असो. दोन चांगल्या काट्यांत जेवढा फरक रोज दिसतो तेवढ्यावरच ही सीमा ठेवली. बोल्ट-वॉशरसारख्या बारीक मालाला टक्केच ठेवले, पण रकमेची वरची मर्यादा घातली.

तिसरा बदल मला सगळ्यांत जवळचा वाटतो. ४० किलोंच्या आतले फरकसुद्धा आता फेकून न देता पुरवठादारवार साठवले जातात, अधिक-उणे चिन्हासह. आमचं वजन वजा बिलाचं वजन. शेवटच्या सहा खेपांची बेरीज अहवालाच्या तळाशी येते. दुसऱ्या एका सळीवाल्याच्या सहा खेपा अशा होत्या: +२०, −१०, ०, −२०, +१०, −१०. बेरीज −१०. हे काट्यांचे नेहमीचे हेलकावे, दोन्ही बाजूंना पडतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. एका बाजूलाच पडणारा फरक मात्र साचत जातो. दर खेपेला ३० किलोच कमी येत असतील तरी एकही ओळ निघणार नाही, पण सहा खेपांनंतर तळाशी −१८० दिसेल आणि कुणाला तरी उठून काट्यावर जावं लागेल.

चौथा बदल म्हणजे उलट्या दिशेची तपासणी. तफावत अहवाल स्वभावतः न जुळणाऱ्यांचीच नावं सांगतो, म्हणून जास्तच जुळणाऱ्यांसाठी आम्ही महिन्यातून एकदा वेगळी विचारणा चालवतो:

```sql
SELECT vendor,
       COUNT(*) AS loads,
       SUM(CASE WHEN grn_qty = inv_qty
                THEN 1 ELSE 0 END) AS same_qty
FROM match_lines
WHERE uom = 'KG'
GROUP BY vendor
HAVING COUNT(*) >= 5
ORDER BY same_qty DESC;
```

किलोवरच्या मालात `loads` आणि `same_qty` हे दोन आकडे जवळ आले की जीआरएन बिलावरून उतरवली जाते आहे असं समजून गेटच्या पावत्या काढायच्या. नगावरच्या मालाला हे लागू नाही. तिथे हजार खोकी सांगितली आणि हजार आली यात नवल काही नाही.

निरुपद्रवी ओळींचं काम त्या मानाने सोपं होतं. जीआरएनची वाट पाहणारी बिलं वेगळ्या पानावर गेली, किती दिवस झाले त्याच्या क्रमाने. सात दिवस उलटले तरच ती मुख्य अहवालात येतात. बंडल आणि नग यांचं गुणोत्तर मालाच्या मूळ नोंदीत भरलं. भाड्यासाठी पीओत वेगळी ओळ सक्तीची झाली. प्रत्येक ओळीसमोर आता ती कुणी सोडवायची तेही छापून येतं: दराचा फरक खरेदीकडे, वजनाचा स्टोअरकडे, कराचा आमच्याकडे. आणि सूक्ष्म-लघु पुरवठादार असेल तर हरकतीच्या १५ दिवसांतले किती उरले, हा आकडा सगळ्यांत डावीकडे असतो.

दहाच्या आत ओळी ठेवायचं लक्ष्य काढून टाकायला मात्र तीन बैठका लागल्या. आकडा पाहायची सवय लागली की तो सोडवत नाही. शेवटी असं ठरलं की ओळींची संख्या कुणालाही विचारायची नाही. सात दिवसांपेक्षा जुनी ओळ का उघडी आहे, एवढंच विचारायचं.

जे या सगळ्यातून सुटतं तेही सांगते. देखभाल, वाहतूक, सुरक्षारक्षक यांसारख्या सेवांच्या बिलांना माल नसतो, काटा नसतो. तिथे "काम झालं" अशी सही हाच तिसरा कागद, आणि तो बिल पाहूनच केला जातो. आमची जुनी अडचण तिथे जशीच्या तशी उभी आहे. गुणवत्ता तपासणीत नाकारलेला मालही अजून त्रास देतो. जीआरएन पूर्ण वजनाची होते, दोन दिवसांनी तपासणीत काही सळ्यांना भेगा निघतात, तोपर्यंत बिल जुळून पुढे गेलेलं असतं. स्वीकारलेलं वजन आल्याशिवाय बिल लावायचं नाही, असं आम्ही सळ्यांपुरतं सुरू केलं आहे. बाकी मालाला तपासणी विभागाकडे तेवढी माणसं नाहीत.

नवी पद्धत सुरू झाली त्या सोमवारी अहवालात १९ ओळी होत्या. आधीच्या शुक्रवारी सात होत्या. वरिष्ठांनी फोन करून विचारलं की काय बिघडलं. मी एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांतल्या अकरा वजनाच्या होत्या, सगळ्या स्टोअरकडे छापलेल्या, आणि मी फोनवर असतानाच काका त्यांतल्या तिसऱ्या ओळीची काटा पावती घेऊन माझ्या टेबलापाशी उभे होते.